यंत्राची मराठी ओळखायची कशी? एका न सुटलेल्या प्रश्नाचा आढावा

पावसाळ्यात कोयना धरणाची बातमी सातारा-सांगलीकडे घरोघरी वाचली जाते. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथे किती पाऊस झाला, धरणात पाणी किती, आवक किती, विसर्ग किती, हे पाहून कराडपासून सांगलीपर्यंतचे नदीकाठचे लोक मोटारी आणि जनावरं कधी हलवायची ते ठरवतात. वर्षानुवर्षं या बातमीची वाट एकच होती. आकडे धरणावरून यायचे आणि मजकूर वार्ताहर लिहायचा. आता दुसरी वाटही खुली झाली आहे. इंग्रजीत तयार झालेला मजकूर यंत्रात घालायचा आणि मराठी करून घ्यायचा. दोन्ही वाटांनी आलेला मजकूर एकाच लिपीत, एकाच टाइपात समोर येतो. त्यांतला कोणता मुळात मराठीत लिहिलेला आणि कोणता यंत्राने इंग्रजीतून आणलेला, हे केवळ मजकूर वाचून सांगता येतं का, यावर संपादक, अनुवादक आणि संगणक-भाषाविज्ञानाचे लोक यांची मतं जुळत नाहीत. त्या मतांचा हा आढावा. उदाहरणं शक्यतो कोयनेचीच घेतली आहेत, कारण या विषयावर इंग्रजीत अमाप लिहिलं गेलं आहे आणि इथल्या लोकांची त्यासाठीची मराठीही चांगली मुरलेली आहे.

यंत्राआधीचं भाषांतर

मराठी गद्य पहिल्यापासून इंग्रजीच्या शेजारी वाढलं. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघालं, तेच मुळी इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापून. आज आपण वापरतो ती स्वल्पविराम, अर्धविरामाची चिन्हंही इंग्रजीकडून आली आणि ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा त्यांच्यासमोर जॉन्सन आणि मेकॉले होते. त्यांच्या वाक्यांची लांबलचक बांधणी पाहिली की ते जाणवतंही. तरीही त्या मराठीला कोणी भाषांतर म्हणणार नाही.

पुढे महाराष्ट्र राज्य झालं. 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, 1964 चा राजभाषा अधिनियम आला आणि कचेऱ्यांचा कारभार मराठीत आणण्यासाठी परिभाषा घडवली गेली. याच सुमारास कोयनेचं धरण पुरं होत होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर जलाशयाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध जगभरचे शास्त्रज्ञ तपासू लागले, तो अभ्यास अर्थातच इंग्रजीत झाला. इथल्या माणसाला स्वतःच्या पायाखाली काय चाललंय ते बऱ्याचदा भाषांतरातूनच समजलं. सांगायचा मुद्दा हा, की यंत्र येण्याच्या कितीतरी आधी 'इंग्रजीखालची मराठी' तयार होती आणि ती माणसांनीच तयार केली होती. पुढच्या सगळ्या वादाला ही अडचण चिकटलेली आहे.

गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी आली 2013 मध्ये. तेव्हाचं यंत्र शब्दसमूहांचे तुकडे जुळवायचं आणि त्याची मराठी शाळकरी मुलालाही ओळखू यायची. 2017 मध्ये त्याच सेवेने मराठीसाठी न्यूरल पद्धत आणली. ती अख्खं वाक्य एकत्र धरून भाषांतर करते. तिथून वाक्यं सलग, व्याकरणशुद्ध व्हायला लागली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही प्रणाली आणली. पुढे मद्रास आयआयटीतल्या 'एआयफॉरभारत' गटाने भारतीय भाषांसाठी भाषांतराची प्रारूपं सर्वांना खुली केली. म्हणजे हा प्रश्न खऱ्या अर्थाने अवघड झाला तो 2017 नंतर.

कानाने ओळखणाऱ्यांची बाजू

पहिली बाजू अनुभवी संपादकांची. त्यांचं म्हणणं, मराठीत मुरलेल्या कानाला दोन परिच्छेदांत कळतं. ते ज्या खुणा सांगतात त्या सगळ्यांना परिचित आहेत: 'धरण नदीवर स्थित आहे', जिथे तिथे 'द्वारे', नामाआधी उगाच 'एक', प्रत्येक वाक्यात 'तो', 'ती', 'त्यांनी'. चुकीचा पर्याय निवडला गेला असेल तर काम आणखी सोपं होतं. भूगर्भातल्या फॉल्टला मराठीत भ्रंश म्हणतात. 'कोयना परिसरातील दोष' असं कुठे वाचलं की पुढे तपासायची गरज उरत नाही.

या बाजूची ताकद खरी आहे, पण तिची दोन वजनदार गृहीतकं तपासली पाहिजेत. पहिलं, शब्दांच्या चुका कायम राहतील हे. पण त्या फार काळ टिकत नाहीत. यंत्र सुधारतं आणि कालची हमखास खूण आज दिसेनाशी होते. दुसरं गृहीतक कर्मणी प्रयोगाबद्दलचं. 'करण्यात आले', 'कळवण्यात येत आहे' हे दिसलं की इंग्रजीचा संशय घेतला जातो. पण ही सरकारी मराठीची घरची ढब आहे आणि तालुक्याच्या कचेरीतला लिपिक ती हातानेच लिहितो. आकड्यांचंही तसंच. कोयनेचा साठा टीएमसीत सांगायची इकडे इतकी सवय आहे की 105 टीएमसी म्हटलं की धरण भरल्याचं चित्र उभं राहतं. मग कोणी 'दशलक्ष घनमीटर' लिहिलं की ते परकं वाटतं. मात्र जलसंपदा विभाग स्वतःच्या तक्त्यांत 'दलघमी' वापरतो. त्यामुळे दशलक्षावरून यंत्र सिद्ध होत नाही. लिहिणाऱ्यासमोर विभागाचा तक्ता होता, एवढंच फार तर म्हणता येईल.

एक नमुना, जवळून

बोलण्यापेक्षा पाहिलेलं बरं. पुढची दोन टिपणं मी या लेखासाठी बेतली आहेत. पहिलं इंग्रजी वाक्यरचना तशीच ठेवून, दुसरं धरणाच्या बातम्या लिहिणारा वार्ताहर लिहील तसं.

पहिलं: 'कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रात मुसळधार पाऊस सुरू असल्यामुळे, धरणाचे सहा दरवाजे उघडण्यात आले आहेत. हे दरवाजे, जे दीड फुटांनी उचलले गेले आहेत, नदीमध्ये पाणी सोडत आहेत. अधिकाऱ्यांनी नदीकाठावर राहणाऱ्या लोकांना सतर्क राहण्याचे आवाहन केले आहे, कारण पाण्याची पातळी वाढण्याची शक्यता आहे.'

दुसरं: 'कोयना पाणलोटात पावसाचा जोर कायम आहे. आवक वाढतच चालल्याने धरणाचे सहा वक्र दरवाजे दीड फुटाने उचलून नदीपात्रात विसर्ग सुरू करण्यात आला. पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक पाणी आधीपासून जातेच आहे. पाणी वाढणार असल्याने नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे, असे धरण व्यवस्थापनाने कळवले आहे.'

पहिल्यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरी ते खटकतं, आणि का खटकतं ते नेमकं सांगता येतं. 'जे दीड फुटांनी उचलले गेले आहेत' हे उपवाक्य नामानंतर दोन स्वल्पविरामांत घातलं आहे. मराठीत ही माहिती नामाआधी येते, किंवा 'जे... ते...' अशी जोडी बनून येते, किंवा दुसऱ्या टिपणासारखी 'उचलून' या एका शब्दात मावते. पहिल्यात दरवाजे स्वतः पाणी सोडतात. मराठीत दारातून पाणी सुटतं किंवा माणूस ते सोडतो. कारण सांगणारं वाक्य शेवटी 'कारण' लावून जोडलं आहे. दुसऱ्यात तेच कारण 'वाढणार असल्याने' म्हणून आधी येऊन बसलं आहे. पहिल्याच वाक्यातला 'असल्यामुळे' नंतरचा स्वल्पविरामही बघण्यासारखा आहे. मराठी वाचताना तिथे थांबायची गरज पडत नाही.

दुसऱ्या टिपणातले 'वक्र दरवाजे', 'पायथा वीजगृह' हे शब्द इथल्या बातमीदारीचे आहेत. पण शब्द उद्या यंत्रही शिकेल. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते 'वाढतच' आणि 'जातेच' मधले दोन 'च'. इंग्रजी मजकुरात त्यांना जन्म देणारं काहीही नसतं.

नसलेल्या गोष्टींची खूण

इथून दुसरी बाजू सुरू होते. भाषांतरित मजकुराची म्हणून एक वेगळी भाषा असते, हे स्वीडनच्या मार्टिन गेलरस्टाम यांनी 1986 मध्ये इंग्रजीतून स्वीडिशमध्ये आलेल्या कादंबऱ्या तपासून मांडलं. नंतर मोना बेकर यांनी सर्व भाषांतरांना समान असे गुण शोधायचा कार्यक्रम सुचवला: भाषांतर सोपं होतं, जास्त उघड होतं, लक्ष्यभाषेच्या रूढ वळणाकडे झुकतं. गिडियन टूरी यांनी मूळ भाषेच्या सावलीवर भर दिला. मराठीच्या दृष्टीने मला यांतलं सगळ्यांत उपयोगी वाटतं ते फिनलंडच्या सोन्या तिर्क्कोनेन-कोंदित यांचं 2004 चं काम. त्यांनी असं मांडलं, की लक्ष्यभाषेत असलेल्या पण मूळ भाषेत प्रतिरूप नसलेल्या गोष्टी भाषांतरात कमी पडतात, कारण मूळ मजकूर त्यांची आठवणच करून देत नाही. त्यांनी तपासलेल्या गोष्टींत फिनिशमध्ये शब्दाच्या शेवटी जोडले जाणारे काही अव्ययासारखे तुकडे होते. त्यांतल्या एकाचं काम जवळजवळ आपल्या 'ही'सारखं आहे.

मराठीत अशा गोष्टी भरपूर आहेत. 'च', 'ही', 'तर', 'म्हणे', 'की' हे तुकडे. 'पडून गेला', 'लिहून टाकलं', 'बोलून बसला' अशी संयुक्त क्रियापदं, ज्यांतलं दुसरं क्रियापद कामाचा सूर सांगतं. 'पाऊसबिऊस', 'हळूहळू', 'जाता जाता' हे अभ्यस्त शब्द. 'मला आठवतं', 'त्याला लागलं' इथे माणूस कर्ता नसून चतुर्थीत बसतो. कळत असेल तिथे सर्वनाम गाळणं. यांतलं एखादं नसेल तर काही बिघडत नाही. पण हजारेक शब्दांच्या मजकुरात यांतलं जवळपास काहीच नसेल, तर तो मजकूर मराठीत विचार करून लिहिला आहे असं म्हणणं कठीण जातं.

एक खूण मात्र गैरहजेरीची नसून हजेरीची आहे आणि ती आजही यंत्राला अधूनमधून पकडते. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन. ऐकणाऱ्याला सामील करायचं की बाहेर ठेवायचं, हे मराठीत बोलताना ठरवावंच लागतं. 1967 चा भूकंप अनुभवलेल्या गावच्या सभेत, गावातलाच वक्ता 'आम्ही सर्वांनी ती पहाट पाहिली आहे' म्हणणार नाही. तो 'आपण सर्वांनी' म्हणेल. यंत्रापुढे सभा नसते, फक्त वाक्य असतं, म्हणून ते अंदाज करतं. व्यक्तीच्या लिंगाचंही तसंच आहे. इंग्रजी मजकुरातली अभियंता बाई मराठीत 'ते म्हणाले' होते आणि दोन परिच्छेदांनी कुठेतरी 'तिने' होऊन परत येते. मुळात मराठीत लिहिणारा अनेक चुका करतो, पण ही चूक सहसा करत नाही. कारण लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर ती व्यक्ती असते.

या बाजूवरचा आक्षेपही तितकाच ठोस आहे. 'च' आणि 'म्हणे' किती यायचे हे लेखनप्रकारावर ठरतं. निविदेच्या सूचनेत 'म्हणे' कुठून येणार? धरणाच्या सुरक्षेवरचा अहवाल मूळ मराठीत लिहिला तरी तो कोरडाच असणार. ललित गद्याच्या मापाने त्याला मोजलं तर सरकारी मराठी सगळी यंत्राची ठरेल. तेव्हा तुलना करायची ती त्याच प्रकारच्या, मूळ मराठी असल्याची खात्री असलेल्या मजकुराशी.

मोजणाऱ्यांची बाजू

तिसरी बाजू म्हणते, खुणा एकेक पाहू नका, एकदम मोजा. इटलीत मार्को बारोनी आणि सिल्व्हिया बेर्नार्दिनी यांनी 2006 मध्ये एका भूराजकीय नियतकालिकातले मूळ इटालियन आणि अनुवादित लेख संगणकापुढे ठेवले. शब्दांचा विषय बाजूला ठेवून अव्ययं, सर्वनामं, क्रियाविशेषणं यांच्या वाटपावरून संगणकाने शंभरात सुमारे 86-87 वेळा बरोबर उत्तर दिलं. तोच प्रश्न ज्या माणसांना घातला त्यांपैकी बहुतेकांहून ते सरस होतं. 2011 मध्ये मोशे कोपेल आणि नोआम ओर्दान यांनी दाखवलं की मजकूर अनुवादित आहे एवढंच कळतं असं नाही, कोणत्या भाषेतून आला हेही बऱ्याच अंशी कळतं. 2014 मध्ये रोई अहारोनी आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत यंत्राच्या भाषांतराला लावली. भाषांतर जितकं वाईट, तितकं ते ओळखायला सोपं, असं त्यांना आढळलं. ही ओळ आज जपून वाचायला हवी. यंत्र चांगलं होईल तशी ओळख पुसट होत जाणार, असाच तिचा अर्थ होतो.

मराठीवर हे करताना मोजणीतच पाय अडकतो. वरच्या दुसऱ्या टिपणाकडे परत पाहू. '-ऊन' ही क्रियापदं जोडणारी खास मराठी रचना मोजायची म्हणून संगणकाला 'ून' ने संपणारे शब्द मोजायला सांगितलं तर तो तीन देईल: उचलून, वीजगृहातून, आधीपासून. क्रियापद त्यांतलं एकच. 'वीजगृहातून' मध्ये ती पंचमी आहे आणि 'पासून' हे शब्दयोगी अव्यय आहे. 'च' शोधायला जावं तर 'पाच', 'उंच' आणि 'लाच' हाती लागतात. 'ही' तर सर्वनामही आहे. शब्द फोडून त्याची जात ठरवणारं साधन आधी चालवल्याशिवाय ही मोजणी खरी होत नाही आणि त्या साधनाच्या चुका मोजणीत मिसळतात. पुण्याच्या 'एल3क्यूब' गटाने मराठीचा मोठा संग्रह आणि 'महाबर्ट'सारखी प्रारूपं खुली केल्यापासून हा भाग सोपा झाला आहे. आता हाताने खुणा न ठरवता प्रारूपालाच दोन ढीग दाखवून फरक शिकवता येतो. पण मग ते नक्की काय शिकलं हे कळत नाही. एका ढिगात शेतीच्या बातम्या आणि दुसऱ्यात तंत्रज्ञानाच्या असतील तर ते भाषा न शिकता विषयच शिकून बसतं.

लांबीचीही अट आहे. या क्षेत्रातले बरेच गाजलेले प्रयोग साधारण दोन हजार शब्दांच्या तुकड्यांवर झालेले आहेत. धरणाची बातमी दीडशे शब्दांची. तेवढ्यावर कोणी ठाम टक्केवारी सांगत असेल तर ती कुठून आली हे विचारावं.

मजकुराबाहेर शोधणारे

चौथी बाजू व्यवहारी आहे. मजकुराच्या पोटात शिरण्यापेक्षा त्याचं मूळ शोधा, असं तिचं म्हणणं. मजकुरातली नावं आणि आकडे घेऊन इंग्रजी बातमी शोधायची. सापडली की दोन्ही शेजारी ठेवायच्या. वाक्यांची संख्या आणि क्रम तोच, परिच्छेद त्याच जागी तुटलेले, कंसातला मजकूर तिथेच, असं असेल तर भाषांतर सिद्ध झालं. मग ते इंग्रजी एकदोन यंत्रांतून स्वतः काढून बघायचं. सलग वाक्यं शब्दशः जुळली तर यंत्रही सिद्ध झालं. सगळ्या पद्धतींत पुराव्याच्या जवळ जाणारी हीच एक आहे. माणूस भाषांतर करताना सहसा वाक्यं तोडतो, जोडतो, वाचकाला माहीत असलेलं गाळतो. कोयनानगर कुठे आहे हे साताऱ्याच्या वाचकाला सांगत बसत नाही.

मर्यादा उघड आहेत. मूळ सापडलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही, आणि यंत्राची आवृत्ती बदलली की गेल्या वर्षीचं वाक्य आज तसंच्या तसं निघत नाही.

काय सुटलेलं नाही

पहिली अडचण संपादित भाषांतराची. आज बहुतेक ठिकाणी यंत्राचा मसुदा माणूस दुरुस्त करतो. अँटोनिओ तोराल यांनी 2019 मध्ये काही युरोपीय भाषा आणि चिनीवर तपासून दाखवलं, की असा दुरुस्त मजकूर थेट माणसाने केलेल्या भाषांतराहून साधा आणि मूळ भाषेच्या जास्त जवळ राहतो. म्हणजे दुरुस्तीने सावली जात नाही. मराठीत दुरुस्ती किती खोल झाली की मजकूर माणसाचा म्हणावा, याचं माप ठरलेलं नाही. चांगला संपादक चार 'च' घालून आणि तीन वाक्यं जोडून वर सांगितलेल्या निम्म्या खुणा पुसू शकतो.

दुसरी अडचण तुलनेच्या ढिगाची. 2013 च्या आधी छापलेला मजकूर यंत्रापासून सुरक्षित धरता येतो, पण त्यात आजचे विषय आणि आजची मराठी नाही. नंतरचा मजकूर घ्यावा तर त्यात यंत्राचं किती मिसळलंय ते माहीत नसतं. भाषांतराची यंत्रं तपासायला वापरला जाणारा 'फ्लोरेस' हा प्रसिद्ध संच तर मुळात इंग्रजीतूनच माणसांनी मराठीत आणलेला आहे. त्याला मूळ मराठीचा नमुना धरता येत नाही.

तिसरी अडचण माणसांची आहे आणि मला ती सगळ्यांत नाजूक वाटते. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी मराठीत लिहिते तेव्हा तिचं वाक्य इंग्रजीच्या वळणाने जातं. पाटण खोऱ्यातला मुलगा घरी एक मराठी बोलतो आणि अर्जात पुस्तकातली घट्ट, शिकवलेली मराठी लिहितो. घरातले 'च' आणि 'म्हणे' तो अर्जात अशुद्ध समजून गाळतो. दोघांचाही मजकूर वरच्या कसोट्यांवर संशयास्पद ठरेल, आणि दोघांनीही तो स्वतः लिहिलेला असेल. निबंधस्पर्धेत वा नोकरीच्या अर्जात केवळ भाषेच्या वळणावरून यंत्राचा आरोप करणाऱ्याने ही दोन माणसं समोर धरली पाहिजेत. मुळाचा पुरावा नसताना 'या मजकुरावर इंग्रजीची सावली आहे' एवढंच म्हणता येतं. ती सावली कोणी पाडली, हे त्यातून निघत नाही.

शेवटची अडचण प्रश्नाच्या मांडणीलाच हात घालते. नवी भाषाप्रारूपं समोर कोणताही इंग्रजी मजकूर नसताना थेट मराठी लिहितात. तिथे भाषांतर झालेलंच नसतं, शोधायला मूळ नसतं, तरी नामानंतर येणारं 'जे' आणि शेवटचं 'कारण' तिथेही भेटतात, कारण ती प्रारूपं बहुतांशी इंग्रजीवर पोसलेली आहेत. अशा मजकुराला भाषांतर म्हणायचं की मूळ लेखन, यावर अभ्यासकांत एकमत नाही. या लेखात मांडलेल्या चार बाजूंपैकी मूळ शोधणारी बाजू तिथे पूर्ण निरुपयोगी ठरते. उरलेल्या तिघींना नवी कसोटी लावून पाहण्याचं काम मराठीत अजून व्हायचं आहे.